इंग्रजी सॉनेटमधली प्रेमाची एक ओळ घरच्या मराठीत कशी आणायची

इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या त्रेचाळिसाव्या सॉनेटची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेची, पहिली ओळ सगळ्यांना ठाऊक असते, ती म्हणजे ‘हाउ डू आय लव्ह दी? लेट मी काउंट द वेज.’ मराठीत आणायला ती फारशी अवघड नाही. खरी कसोटी लागते पाचव्या-सहाव्या ओळीत मिळून पूर्ण होणाऱ्या वाक्यात:

आय लव्ह दी टू द लेव्हल ऑफ एव्हरी डेज
मोस्ट क्वाएट नीड, बाय सन अँड कँडल-लाइट.

सोलापुरात आमच्या ओळखीतल्या एका मुलीला आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हे वाक्य कार्डावर मराठीत छापायचं होतं. आई वडिलांना म्हणते आहे, अशा रूपात. तिच्याकडे एक भाषांतर तयार होतं: ‘मी तुझ्यावर दैनंदिन जीवनातील सर्वात शांत गरजेच्या पातळीपर्यंत, सूर्याच्या आणि मेणबत्तीच्या प्रकाशात प्रेम करते.’ यातला एकही शब्द चुकीचा नाही. तरी हे वाक्य कुठलीही आई कुठल्याही घरात बोलणार नाही. ते बोलण्याजोगं कसं झालं, ते इथे टप्प्याटप्प्यानं लिहितो. तुमच्या हातात दुसरी ओळ असली तरी कामाचा क्रम बहुतेक हाच राहील.

आधी ओळीच्या वरचं वाचा

एकटी ओळ उचलून भाषांतराला बसू नये. या सॉनेटमध्ये दुसऱ्या ते चौथ्या ओळीत कवयित्री फार मोठं काही बोलते. आत्मा जिथवर पोचेल तितक्या खोलीचं, रुंदीचं आणि उंचीचं प्रेम, अस्तित्वाच्या टोकापर्यंतचं. आणि लगेच पाचव्या ओळीत ती एकदम खाली येते, रोजच्या दिवसावर, ज्या गरजा कुणी तोंडानं सांगतही नाही त्यांच्यावर. ‘टू द लेव्हल ऑफ’ या शब्दांचं काम हेच आहे. आभाळाला टेकलेलं प्रेम तिथून जमिनीवर येतं आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. म्हणून मराठी ओळीतही ‘इथपर्यंत’ हा पोचण्याचा भाव राहायला हवा. तो गेला तर नुसती घरगुती प्रेमळ ओळ उरते, आणि वरच्या उंचीशी असलेलं तिचं नातं तुटतं.

दुसरी गोष्ट, या ओळी कुणासाठी लिहिल्या गेल्या. 1845-46 च्या सुमाराला, लग्नाआधी, तिनं या चव्वेचाळीस कविता एकट्या रॉबर्ट ब्राउनिंगसाठी लिहिल्या आणि त्यालाही लग्न झाल्यावरच दाखवल्या. 1850 मध्ये छापायची वेळ आली तेव्हा खासगीपणा झाकायला पुस्तकाला असं नाव दिलं, की वाचणाऱ्याला ही पोर्तुगीजमधून केलेली भाषांतरं वाटावीत. सभेत म्हणायची ही कविता नव्हे. एका माणसाच्या कानाशी बोललेलं आहे. तेव्हा मराठीतही आवाज खालचाच हवा. ‘प्रीती’, ‘सखया’, ‘प्राणनाथ’ हे शब्द इथे आवाज चढवतात.

तिसरं, ती गरज कुणाची? इंग्रजीत ‘माझी’ही नाही आणि ‘तुझी’ही नाही. गरज दिवसाची आहे. प्रत्येक दिवस जे मागतो ते. तिला तो लागतो असंही त्यातून निघतं, आणि त्याला जे लागतं ते ती बघते असंही. मराठीत घाईनं ‘तुझ्या गरजा’ लिहिलं की निम्मा अर्थ तिथेच संपतो. हे मोकळेपण शेवटपर्यंत जपायचं आहे.

पुस्तकीपणा शब्दांत कमी, बांधणीत जास्त

बहुतेक जण वाक्य सोपं करायचं म्हणून संस्कृत शब्द काढून टाकतात. ‘दैनंदिन’च्या जागी ‘रोजच्या’, ‘प्रकाशात’च्या जागी ‘उजेडात’. करून बघा: ‘मी तुझ्यावर रोजच्या जगण्यातल्या सगळ्यात शांत गरजेच्या पातळीपर्यंत, उन्हाच्या आणि मेणबत्तीच्या उजेडात प्रेम करते.’ शब्द बदलले, ताठरपणा तसाच आहे. ‘जीव’ आणि ‘दिवस’ हे शब्द जसेच्या तसे संस्कृतातून आले आहेत, ते कुणाला पुस्तकी वाटत नाहीत. ‘गरज’ अरबी-फारसीकडून आला, तोही घरचाच झाला. शब्द कुठून आला यावर काही ठरत नाही.

खरी अडचण त्या नामांच्या माळेत आहे. जगण्यातल्या, गरजेच्या, पातळीपर्यंत: एकाला एक प्रत्यय लावून ओढलेली नामं, आणि क्रियापद बिचारं अगदी शेवटी. कान तोवर ताटकळतो. इंग्रजी नामांवर चालते, ‘लेव्हल’, ‘नीड’ ही तिथे नामं आहेत. मराठी बोलणारा माणूस हेच क्रियापदांनी सांगतो, आणि लांबलचक नाम आलं की ते ‘जे… ते’ नं उकलतो. ‘दैनंदिन गरजेच्या वस्तू’ हे दुकानाच्या पाटीवर असतं. घरात आपण म्हणतो, ‘रोज जे लागतं ते’.

या वाक्याची किल्ली मला तिथेच मिळाली. ‘लागणं’. चहा लागतो, चष्मा लागतो, माणूस लागतं. ‘मला संध्याकाळी घरी कुणीतरी लागतं’ यात ‘गरज’ हा शब्द नाही, पण गरज पुरेपूर आहे. शिवाय ‘जे लागतं’ म्हणताना कुणाला, ते सांगावं लागत नाही. मघाशी जपायला सांगितलेलं मोकळेपण या क्रियापदानं आपोआप सांभाळलं.

तेव्हा पहिलं प्रत्यक्ष काम हे: मूळ ओळीतली नामं कागदावर एकाखाली एक लिहा, आणि प्रत्येकापुढे ‘हे मराठीत कोण काय करतं म्हणून सांगता येईल?’ एवढाच प्रश्न ठेवा. ‘नीड’पुढे ‘लागतं’ आलं. ‘लेव्हल’पुढे ‘तिथवर’ आलं. दोन नामं गेली आणि वाक्याचा सांगाडा उभा राहिला: ‘रोज जे लागतं, तिथवर…’

‘पातळी’ सोडण्याचं आणखी एक कारण खास आमच्या गावचं आहे. सोलापुरात पातळी म्हटलं की उजनी धरण. पावसाळ्यात पेपरात रोज ती बातमी, चहाच्या टपरीवर तीच चर्चा. प्रेमाच्या ओळीत हा शब्द आला तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरणाची भिंत उभी राहते. शब्द निवडताना तो तुमच्या गावात रोज कशासाठी वापरला जातो हे तपासून घ्यावं. कोशात ते मिळत नाही.

‘क्वाएट’चं काय करायचं

‘शांत गरज’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. मुलगा शांत असतो, समुद्र शांत असतो, गरज नाही. ‘मूक गरज’ वर्तमानपत्री वाटतं. ‘मुकी गरज’ बरं आहे, पण त्यात एक लाचारी येते, मुक्या जनावरासारखी. मूळ ओळीत लाचारी कुठेच नाही.

अशा वेळी शब्द बाजूला ठेवून ती गोष्टच डोळ्यांपुढे आणावी. आवाज न करणाऱ्या गरजा कोणत्या? नळाला पाणी आलंय म्हणून कुणी न उठवता उठून भरून ठेवणं. बाहेर निघताना हातात रुमाल ठेवणं. दुपारी पडल्यावर पंखा एकनं कमी करणं. यातलं काहीच कुणी मागत नाही, आणि केलं नाही तर तक्रारही करत नाही, फक्त दिवस जरा अडखळतो. म्हणजे ‘क्वाएट’ याचा अर्थ शांतता असा नसून ‘न बोलता’ असा आहे. ‘न बोलता लागतं’. इथे तो शब्द बसला.

एक मोह मात्र टाळायला हवा. पाणी, रुमाल, पंखा हे सगळं इतकं जिवंत आहे की ते ओळीतच घालावंसं वाटतं. घालू नका. कवयित्रीनं एकाही वस्तूचं नाव घेतलेलं नाही. वाचणारा आपापल्या घरातली वस्तू तिथे ठेवतो, त्यासाठीच ती जागा रिकामी आहे. वस्तू तुम्ही ठेवलीत तर ओळ तुमची होते आणि बाकीच्यांसाठी बंद होते. चित्र स्वतःला समजावं म्हणून काढायचं आणि वहीतच ठेवायचं.

‘मोस्ट’ राहिलं. ‘सर्वात’ किंवा ‘सगळ्यात’ हे स्पर्धेच्या निकालाचे शब्द आहेत. मराठीला असं टोक गाठायचं असतं तेव्हा ती शब्दाची जोडी करते: साध्यात साधं, बारीकसारीक, साधंसुधं. ‘बारीकसारीक’ मला फार आवडतो, पण त्यात थोडी किरकिर आहे, ‘बारीकसारीक कारणावरून भांडण’ असं आपण म्हणतो. ‘साधंसुधं’ निर्मळ आहे. मी तो घेतला.

आता झालं: ‘रोजचं साधंसुधं जे न बोलता लागतं, तिथवर…’

‘आय लव्ह दी’: क्रियापद आणि नातं

‘मी तुझ्यावर प्रेम करते’ हे व्याकरणानं बरोबर आहे, चित्रपटात चालतं, विशीतली मुलं फोनवर म्हणतातही. पण पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईच्या तोंडी ते उसनं वाटतं. मराठीत प्रेम ‘करण्या’पेक्षा असतं, जडतं, बसतं. आणि संसारातल्या प्रेमाला मराठी माणूस ‘जीव’ म्हणतो. जीव असतो, जडतो, लागतो, जीव लावतात, जीव टाकतात. ‘माया’ शेजारीच आहे, पण माया वरून खाली वाहते, आजीची नातवावर, थोरल्या बहिणीची धाकट्यावर. ‘लळा’ पोराला नाहीतर वासराला लागतो. नवरा-बायकोत जीव.

‘तुला जीव लावते’ यात नुसती भावना नाही, रोजचं करणंही आहे. म्हणून ते रोजच्या गरजेच्या ओळीला नेमकं शोभतं. आणखी एक तपासणी इथे करावी लागते: ‘आय लव्ह दी’ हे शब्द मूळ सॉनेटमध्ये पुन्हा पुन्हा येतात, जवळजवळ पालुपदासारखे. उद्या तुम्हाला पूर्ण कविता करायची झाली तर निवडलेलं क्रियापद इतक्या वेळा ऐकायला सोसेल का? ‘जीव लावते’ सोसतं. ‘तुझ्या प्रेमात आकंठ बुडाले आहे’ दुसऱ्यांदाच नकोसं होईल.

काळ बदलण्याचा मोहही होतो. पन्नास वर्षांचा संसार आहे, तर ‘जीव लावला’ म्हणू का? म्हणून बघा: ‘तुम्हाला इतका जीव लावला.’ ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघायला लागतो. मराठीत ‘जीव लावला’ बहुतेक वेळा गाऱ्हाण्याची सुरुवात असते. मूळ ओळ साध्या वर्तमानात आहे, मराठीतही ती तिथेच राहू द्यावी.

आता ‘दी’. 1845 मध्येही इंग्रजी माणूस सहसा रोजच्या बोलण्यात ‘दी’ म्हणत नव्हता. तो कवितेतला, प्रार्थनेतला, जवळिकीचा शब्द उरला होता. मराठीत त्याला जुना शब्द शोधायचं कारण नाही. आपल्याकडे जवळीक आणि भक्ती दोन्ही एकाच ‘तू’मध्ये मावतात. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. विठ्ठलाला कुणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. तेव्हा कविता म्हणून भाषांतर करायचं असेल तर ‘तू’, यात मला शंका नाही. ‘तव’, ‘तुज’, ‘मम’ हे शब्द ‘दी’ जुनं आहे म्हणून आणायचे नाहीत. ते मराठीत जुने लागतात, जवळचे नाही.

पण कार्डाची गोष्ट वेगळी होती. त्या काकूंनी, म्हणजे मुलीच्या आईनं, काकांना जन्मात ‘अरे-तुरे’ केलेलं नाही. त्यांच्या नावानं ‘तुला जीव लावते’ छापलं असतं तर पाहुण्यांच्या आधी त्याच संकोचल्या असत्या, आणि वाचणाऱ्याचं लक्ष प्रेमाऐवजी ‘तुला’वर गेलं असतं. भाषांतर कुणाच्या तोंडी जाणार हे ठरवल्याशिवाय सर्वनाम ठरत नाही. इथे ‘तुम्ही’च हवं होतं. ‘तुम्हाला जीव लावते’ मात्र जरा अवघडल्यासारखं वाटतं, कारण जीव लावण्यात लाड आहे आणि ‘तुम्हाला’त अंतर. त्या पिढीची बाई हेच कसं म्हणेल? ‘माझा जीव तुमच्यापाशी.’ क्रियापद नाही, कर्म नाही, आणि ‘पाशी’त नजरेआडचं सोबत असणं आलं. कार्डासाठी ते घेतलं.

ऊन, दिवा आणि सोलापूरचा एप्रिल

‘बाय सन अँड कँडल-लाइट’ म्हणजे दिवसा आणि रात्री. मग ‘रात्रंदिवस’ म्हणून मोकळं का होऊ नये? कारण ‘रात्रंदिवस’मध्ये श्रम आहेत, रात्रंदिवस राबणं, रात्रंदिवस काळजी. आणि दोन्ही उजेड त्यातून नाहीसे होतात. कवयित्री वेळ सांगत नाही. कशाच्या उजेडात ती त्याच्याकडे बघते, ते सांगते.

‘दिवसाढवळ्या’ तर दुरूनच नमस्कार. तो शब्द चोरी, दरोडा, खून यांच्या बातम्यांत इतका वापरला गेला आहे की प्रेमाजवळ येऊच शकत नाही.

‘सन’साठी ‘ऊन’ सुचतं. इंग्लंडात ऊन पडलं की माणसं आनंदानं बाहेर येतात. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी नवी पेठ ओस पडते, माणसं सावली बघून गाडी लावतात. सोलापूरकराला ‘उन्हात तुझ्यावर जीव’ म्हटलं तर त्यात सोसणं दिसेल, सहन करणं दिसेल. ते मूळ ओळीत नाही. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरातल्या वाचकासाठी कदाचित ‘ऊन’ चाललंही असतं. इथे ‘दिवसाचा उजेड’ बरा.

‘कँडल’ची मेणबत्ती करू नये. त्या काळच्या इंग्रजी घरात मेणबत्ती हा संध्याकाळचा साधा दिवा होता. आपल्याकडे मेणबत्ती केकवर असते, नाहीतर लाइट गेल्यावर फडताळात शोधतात. आज तिच्यात हॉटेलातलं जेवण आणि सजावट आली आहे. मूळ ओळीतलं साधेपण तिथे संपतं. समई देवघरातली आहे, ती ओळीला पूजेकडे नेते. ‘सांजवात’ सुंदर आहे, पण सुंदर दिसायला लागली की ती ओळीतून वेगळी उठून बसते. ‘दिवा’ मात्र सगळ्यांना पुरतो. कंदील वापरलेल्या पिढीलाही, आणि ट्यूबचं बटण दाबताना ‘दिवा लाव गं’ म्हणणाऱ्यांनाही.

आणि ‘दिवा’ घेतल्याबरोबर मराठीनं हातावर एक गोष्ट आयती ठेवली. दिवस आणि दिवा. ‘सन’ आणि ‘कँडल’ यांच्यात नसलेला नाद इथे आपोआप आला: ‘दिवसाच्या उजेडात, दिव्याच्या उजेडात’. मूळ ओळीतलं दुसरीकडे काही गमावलं असेल, त्याची थोडी भरपाई अशी होते. नाद शोधायला जाऊ नये, पण दारात आला तर परत पाठवू नये.

तर ‘तू’ म्हणणारी ओळ अशी:

रोजचं साधंसुधं जे न बोलता लागतं,
तिथवर तुला जीव लावते मी,
दिवसाच्या उजेडात, दिव्याच्या उजेडात.

आणि कार्डासाठी:

रोजचं साधंसुधं जे न बोलता लागतं,
तिथवर माझा जीव तुमच्यापाशी,
दिवसाच्या उजेडात, दिव्याच्या उजेडात.

‘तिथवर’बद्दल मी बराच घुटमळलो. ‘त्यातही’ जास्त बोलीतलं आहे: ‘जे न बोलता लागतं, त्यातही माझा जीव तुमच्यापाशी.’ पण ‘त्यातही’मध्ये पोचणं राहत नाही, आणि उंचावरून खाली येणं हाच या ओळीचा कणा आहे. म्हणून एवढा एक शब्द बोलण्यापेक्षा किंचित वरचा ठेवला.

चालीत बसवायची असेल तर

मराठीत सॉनेट केशवसुतांनी आणलं, चौदा ओळींचं सुनीत, बहुधा शार्दूलविक्रीडितासारख्या अक्षरगणवृत्तात. त्या वृत्तात ओळीला एकोणीस अक्षरं, आणि प्रत्येक जागी लघु की गुरू हे ठरलेलं. या ओळीसाठी मी ते वापरणार नाही. ‘रोजचं साधंसुधं’ त्या साच्यात बसत नाही, आणि बसवायला गेलं की ‘नित्य’, ‘मम’, ‘दिनी’ हे शब्द लघु-गुरूच्या सोयीसाठी मागच्या दारानं परत येतात. पुस्तकीपणा घालवायचा आणि वृत्त असं निवडायचं, हे एकमेकांच्या विरुद्ध जातं.

अभंगाचा मोठा प्रकार मात्र मोकळा आहे. सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक, लघु-गुरूचं बंधन नाही. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, म्हणजे ‘दिव्याच्या’ हा तीन अक्षरांचा शब्द. बोटांवर मोजत जा:

रोजचे जे काही । न बोलता लागे ।
तिथे जीव जागे । तुझ्यासाठी ॥

रो-ज-चे-जे-का-ही, सहा. न-बो-ल-ता-ला-गे, सहा. ति-थे-जी-व-जा-गे, सहा. तु-झ्या-सा-ठी, चार. ‘लागे’, ‘जागे’ ही रूपं आजच्या बोलण्यातली नाहीत, तरी ती ताठ वाटत नाहीत, कारण अभंगाच्या चालीत कान ती लहानपणापासून ऐकत आला आहे. इथे ‘जागे’ हा शब्द मूळात नाही, यमकानं आणलेला आहे. मी तो ठेवतो, कारण पुढच्या ओळीत दिवा लागणार आहे आणि दिव्याशेजारी जागणं परकं वाटत नाही. बोलणारी बाई की पुरुष तेही उघडं राहिलं. ‘साधंसुधं’ गेलं, ते मला खटकतं.

पुढच्या ओळीचे दोन चरण तर जणू तयारच होते:

दिवसाउजेडी । दिव्याच्या उजेडी ।

इथे घसरण असते. तिसरा चरण रिकामा आहे आणि ‘-डी’चं यमक हवं आहे. ‘तुझीच मी वेडी’ लगेच जिभेवर येतं. अक्षरं सहाच, यमकही चोख. पण मूळ ओळीत वेडेपण कुठेही नाही, उलट सगळी ओळ शहाणपणानं, डोळे उघडे ठेवून केलेल्या प्रेमाची आहे. भरीचा चरण ओळखण्याची खूण हीच: तो पहिल्या फटक्यात सुचतो आणि मूळ कवितेत परत जाऊन बघितलं तर त्याला जागा सापडत नाही. एकच वाक्य भाषांतर करत असाल तर दोन चरणांवर थांबा. वाक्य तिथे संपतं, तर मराठीतही ते तिथेच संपू दे.

कार्डासाठी अभंगाचं रूप घेतलं नाही. ‘तुमच्यासाठी’ पाच अक्षरांचं होतं, आणि चौथ्या चरणात तेवढं मावत नाही.

ऐकवून बघा

मूळ इंग्रजी ज्यांनी कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला ओळ वाचून दाखवा. कागद हातात देऊ नका, कानानं ऐकू द्या. ‘कशी वाटली?’ विचारू नका, सगळे छान म्हणतात. थोड्या वेळानं, दुसरं काही बोलून झाल्यावर विचारा, ‘मघाशी ती बाई काय म्हणत होती?’

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘म्हंजे मागायच्या आधी हातात आणून द्यायचं, तसं की.’ न बोलता लागणं पोचलं होतं. उजेडांबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, पण शेवटचा तुकडा त्यांनी जसाच्या तसा म्हणून दाखवला, म्हणजे नादानं तो लक्षात राहिला होता. ऐकणाऱ्यानं अर्थ आपल्या शब्दांत सांगितला आणि नाद तुमच्या शब्दांत, तर ओळ बसली असं समजायला हरकत नाही. ‘तिचं नवऱ्यावर फार प्रेम आहे’ एवढंच उत्तर आलं, तर ओळ सपाट झाली आहे, ‘लागतं’ किंवा ‘न बोलता’ कुठेतरी हरवलंय. आणि ‘कुठल्या पुस्तकातलं आहे?’ असा प्रश्न आला तर नामांची माळ अजून शिल्लक आहे, पुन्हा ‘जे… ते’कडे जा.

सोलापुरात आणखी एक कान मिळतो, त्याचा फायदा घ्यावा. इथे कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि मराठी बाहेरची, रोजच्या व्यवहाराची भाषा असते. अशा माणसाकडे शाळेच्या पुस्तकातले शब्द वेगळे असतात आणि रस्त्यावरचे वेगळे, आणि कुठला शब्द कुठला हे त्याला लगेच कळतं. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मित्राला आधीचं ‘दैनंदिन जीवनातील’ आणि नंतरचं ‘न बोलता लागतं’ दोन्ही ऐकवलं. पहिल्याला तो म्हणाला, ‘हे परीक्षेचं आहे.’ दुसऱ्याला काहीच म्हणाला नाही, थेट आपल्या आईबद्दल बोलायला लागला.

छापायला देताना

ओळ कुठे तोडायची ते तुम्हीच ठरवून द्या, छापखान्यावर सोडू नका. जागा कमी पडली की तिथे ‘तिथवर माझा जीव’ एका ओळीत आणि ‘तुमच्यापाशी’ खालच्या ओळीत जातं, आणि वाचणारा नको तिथे थांबतो. स्वल्पविरामांची जागा पक्की ठेवा. उद्गारचिन्ह एकही नको, खालच्या आवाजात बोललेलं वाक्य आहे.

मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात. या ओळीत ‘दिवसाच्या’, ‘दिव्याच्या’ आणि ‘तुमच्यापाशी’ हे तीन शब्द त्यासाठी मुद्दाम बघा, आणि ‘रोजचं’, ‘साधंसुधं’, ‘लागतं’वरचे अनुस्वारही. अनुस्वार गळून ‘लागत’ झालं तर वाक्यच मोडतं. प्रूफ कागदावर मागून घ्या. खाली बारीक अक्षरात ‘मूळ इंग्रजी: एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग, सॉनेट 43’ असं लिहा. कविता 1850 ची आहे, तिच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही, पण नाव तिचंच आहे.